नाव तिचं, हात त्याचा

उस्तादांनी डॉक्टरांकडे जायच्या आधी आठवडाभर पाठांतर केलं होतं. शाळेत असताना पाढे पाठ केले नाहीत त्या माणसाने, पण ठिपक्यांची चित्रं मात्र घोकली. ठिपक्यांच्या गोलात आकडा लपलेला असतो, ती चित्रं. इंटरनेटवरून उतरवून घेतली, मोबाइलमध्ये क्रमाने लावली आणि दार लावून घोकत बसले. पहिलं बारा, दुसरं आठ, तिसरं सहा. बाहेर वहिनी कपडे वाळत घालत होत्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण बोलल्या नाहीत. वीस वर्षं बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी कुठून बोलणार!

उस्ताद म्हणजे गावातला नावाजलेला फोटोग्राफर. 'उस्ताद' हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. "रंग बघावेत तर उस्तादांचे" असं लोक म्हणायचे. नवरीच्या गालावरची लाली, संध्याकाळचं आभाळ, लाल गालिचा, सगळं जिथल्या तिथे. आणि वहिनी म्हणजे त्यांची बायको. स्टुडिओत मागच्या खोलीत संगणकासमोर बसणारी. गिऱ्हाइकांना वाटायचं, बिलं करते बिचारी.

खरी गोष्ट अशी की उस्तादांना लाल आणि हिरवा यातला फरक कळत नव्हता. जन्मापासूनच. हिरव्या-पिवळ्यातही गोंधळ व्हायचा. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते एक अल्बम छापून घरी घेऊन आले, आणि त्यातली नवरी कावीळ झाल्यासारखी हिरवट दिसत होती. वहिनी हसल्या. सासूबाईंनी त्यांना आत नेलं आणि दार लोटून घेतलं. "लहानपणी हिरवी मिरची आणि लाल मिरची वेगळी करायला दिली तर रडायचा," त्या म्हणाल्या. "आता तू आलीस. तूच बघ त्याचं. बाहेर बोलू नकोस हो. झाकली मूठ सव्वा लाखाची." म्हणजे मुलगी बघायला आले तेव्हा मूठ झाकलेली, आणि लग्न लागल्यावर त्या मुठीला धरून बसायचं काम हिचं! वाह रे न्याय. पण वहिनी तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या आणि संगणकावर फोटोंना रंग लावू लागल्या.

तर डॉक्टरांकडे जायचं कारण ड्रोन.

ड्रोन तर उस्तादांनी वर्षापूर्वीच घेतला होता. मोकळ्या मैदानावर हौस म्हणून उडवायचे. मग एका मोठ्या बिल्डरने बोलावलं. गावाबाहेर त्याचे टॉवर उभे राहत होते, वरून चित्रीकरण हवं होतं, आणि आवडलं तर दर महिन्याला हवं होतं. लग्नसराई संपली की स्टुडिओत माश्या मारायची वेळ यायची, त्याला हे काम म्हणजे उतारा होता. पण बिल्डरच्या ऑफिसातल्या बाईने स्पष्ट सांगितलं होतं, "हौस वेगळी आणि पैसे घेऊन उडवणं वेगळं. आम्हाला पायलटचं सर्टिफिकेट, ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि विमा दाखवा. त्याशिवाय गेटच्या आत पाऊल नाही."

उस्ताद तिथेच म्हणून आले होते, "सगळं होईल. आणि तुमची साइट हिरव्या पट्ट्यात आहे, मी नकाशा बघितला. हवाई परवानगीची गरजच नाही."

घरी येऊन वहिनींनी तो नकाशा उघडला. सरकारी नकाशात तीन रंग असतात. हिरव्यात ठरलेल्या उंचीपर्यंत उडवा, पिवळ्यात विमानतळाच्या टॉवरची परवानगी काढा, लाल म्हणजे विसरा. साइट पिवळ्यात होती. चांगली ठसठशीत पिवळ्यात. नकाशा वाचायला गेला कोण, तर ज्याला हिरवा आणि पिवळा सारखाच दिसतो तो! आणि बरोबर असलेल्या बायकोला विचारायचं, तर जीभ झडते काय? वहिनींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तेव्हाही त्यांनी गिळलं.

प्रशिक्षण शाळेत नाव घालायचं तर आधी डॉक्टरांचा दाखला लागत होता. डॉक्टर वयस्कर होते, दवाखाना छोटा होता, डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता. त्यांनी रक्तदाब बघितला, कानाशी कुजबुजून ऐकू येतं का बघितलं, लांबचा तक्ता वाचून घेतला. फीट येते का, चक्कर येते का, साखरेची गोळी चालू आहे का, सगळं विचारलं. सगळ्यात उस्ताद पास. मग डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक काढलं.

"बारा," उस्ताद म्हणाले. "आठ. सहा." घडाघडा. इतक्या घाईने की डॉक्टरांनी चष्म्यावरून वर बघितलं. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने पुस्तकाची पाच-सहा पानं फडफडून पुढे गेली. डॉक्टर म्हणाले, "असू दे, हे सांगा." उस्ताद म्हणाले, "एकोणतीस." डॉक्टर म्हणाले, "हे?" उस्ताद म्हणाले, "सत्तावन्न." ते आपले क्रमाने पुढे चालले होते, अल्बम दाखवल्यासारखे. पंख्याने पानं उलटली आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं.

"छान पाठ केलंय," ते म्हणाले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "पण मी सही करू शकत नाही. लाल-हिरवा तुम्हाला वेगळा दिसत नाही."

"मी वीस वर्षं रंगीत फोटो काढतोय, डॉक्टर! गावात कुणालाही विचारा."

"फोटो काढायला कोण अडवतंय? ड्रोनच्या पुढच्या टोकाला लाल दिवा असतो, मागे हिरवा. लांब गेला की तो नुसता ठिपका दिसतो. तोंड तुमच्याकडे आहे की पाठ, हे दिव्यावरूनच कळतं. तोंड तुमच्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. तुम्हाला वाटेल इकडे आणतोय, तो जाईल तिकडे. खाली माणसं असतात हो." आणि त्यांनी दाखल्यावर लिहिलं, अपात्र.

परत येताना उस्ताद गाडी चालवत होते, वहिनी शेजारी. मोठ्या चौकातला सिग्नल मावळतीकडे आहे, संध्याकाळी ऊन थेट डोळ्यात येतं आणि कुठला दिवा पेटलाय ते भल्याभल्यांना दिसत नाही. तिथे वहिनी नेहमी हळूच "चला" म्हणायच्या आणि उस्ताद गाडी काढायचे. जणू त्यांनाच दिसलं. वीस वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं आणि वहिनींनी एकदाही सांगायचं चुकवलं नव्हतं. त्या दिवशीही वहिनी "चला" म्हणाल्या.

घरी पोचल्यावर उस्तादांना तोडगा सुचला.

"तू दे परीक्षा," ते म्हणाले. "तुझे डोळे चांगले आहेत. नाव तुझं, हात माझा. उडवीन मीच. कुणाला काय कळतंय?"

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. म्हणजे वीस वर्षं डोळे माझे आणि नाव तुमचं, आणि आता नाव माझं आणि हात तुमचा! माझं असं संपूर्ण काही असूच द्यायचं नाही का ह्या माणसाला? आतून सासूबाई म्हणाल्या, "घरातली गोष्ट घरात राहील, बरं होईल." वहिनींनी हातातलं फडकं जोरात झटकलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. देते परीक्षा." त्यांच्या आवाजातली धार दोघांपैकी एकालाही ऐकू आली नाही.

शाळा गावाबाहेर होती. पत्र्याची लांब खोली आणि पुढे जाळी लावलेलं मैदान. शिकवणारे गृहस्थ पूर्वी विमानं उडवायचे, सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे. वर्गात बाकी सगळी पोरं होती, एक शेतीच्या फवारणीवाला, एक जमीन मोजणारा. वहिनी सगळ्यांत मोठ्या. पहिल्या दिवशी पोरांनी आदबीने त्यांना मागची खुर्ची दिली. वहिनी ती उचलून पुढे घेऊन आल्या.

हवेचे नियम, वारा, ढग, बॅटरी फुगली तर काय करायचं, टॉवरशी कसं बोलायचं, लोकांच्या डोक्यावरून का उडवायचं नाही, ड्रोन नजरेआड का होऊ द्यायचा नाही, सगळं त्यांनी लिहून घेतलं. मग संगणकावरचा खोटा ड्रोन. तो त्यांनी पहिल्या दिवशी एवढ्या वेळा आपटला की पोरं म्हणाली, "काकू, आता कंपनी बुडेल." वहिनी हसल्या नाहीत, त्यांना राग आला होता. राग ड्रोनवर नव्हता. राग असा होता की स्वतःच्या हाताने काही चालवायची सवयच गेली होती. तो राग त्यांनी बोटांत उतरवला आणि तिसऱ्या दिवशी पडद्यावरच्या आकाशात इंग्रजी आठ काढला, दोन्ही गोल सारखे.

मैदानावर कॅप्टन उपग्रहाची मदत बंद करायचे. मग ड्रोन वाऱ्याबरोबर वाहत जायचा आणि नुसत्या नजरेने परत आणायचा. "वहिनी, तोंड की पाठ?" ते ओरडायचे. "लाल! तोंड!" वहिनी ओरडायच्या आणि हात आपोआप उलटा वळायचा. अशा मोकळ्या मैदानावर एवढ्या मोठ्याने त्या कधी ओरडल्या होत्या, त्यांनाच आठवेना.

एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कॅप्टन, सर्टिफिकेट माझं आणि रिमोट घरातल्या दुसऱ्याच्या हातात, असं चालतं?"

कॅप्टनने त्यांच्याकडे नीट बघितलं. "पोहता तुम्हाला येतं म्हणून नवरा बुडायचा थांबतो का? सर्टिफिकेट माणसाचं असतं, घराचं नसतं. परवानगीवर ज्याचं नाव, रिमोट त्याच्या हातात. काही झालं तर विमावाला पहिला प्रश्न हाच विचारतो आणि पोलीस दुसरा. आणि जबाबदार तुम्ही. तो नाही."

लेखी परीक्षा झाली, मैदानावरची झाली. सर्टिफिकेट आलं. वहिनींचं पूर्ण नाव, फोटो, क्रमांक. स्टुडिओच्या पाटीवर उस्तादांचं नाव होतं, अल्बमच्या पाठीवर उस्तादांचं नाव होतं, गाडी, घर, गॅसजोडणी सगळं त्यांच्या नावावर. वहिनींनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं. उस्तादांनी एकदा वाचलं आणि म्हणाले, "झकास. आता बिल्डरला फोन करतो."

बाकीची धावपळही वहिनींनीच केली. ड्रोनची नोंदणी स्टुडिओच्या नावावर होती, तो क्रमांक घेतला. विमा काढला. बिल्डरकडून जागेच्या मालकाचं संमतीपत्र आणलं. मग विमानतळाच्या टॉवरकडे अर्ज केला. पायलट कोण, ड्रोन कुठला, जागा, उंची, दिवस, वेळ. परवानगी आली ती दुपारी चार ते पाच एवढ्याच तासाची, ठरलेल्या उंचीच्या वर नाही, आणि अट अशी की उडवण्याआधी पायलटने स्वतः फोन करायचा आणि उतरल्यावर पुन्हा करायचा. उस्तादांनी दरम्यान एक जॅकेट शिवून घेतलं. पाठीवर पिवळ्या अक्षरात 'पायलट'.

त्या दिवशी साइटवर बिल्डर स्वतः आला होता. सोबत त्याचे दोन इंजिनियर आणि ऑफिसातली बाई. गडी माणसांना चहाच्या सुट्टीवर बाजूच्या शेडमध्ये बसवलं होतं, म्हणजे खाली कुणी नको. मधोमध उंच क्रेन उभी होती. वहिनींनी ड्रोन बाहेर काढला, पंखे हाताने फिरवून पाहिले, बॅटरी बघितली. मग रिमोटच्या पडद्यावर परतीची उंची बघितली आणि त्या तिथेच थबकल्या. संपर्क तुटला तर ड्रोन जेवढ्या उंचीवरून आपणहून परत येतो, ती उंची उस्तादांनी मैदानासाठी लावलेली तशीच होती. क्रेनच्या निम्मी. सिग्नल तुटला असता तर ड्रोन थेट क्रेनला जाऊन भिडला असता.

"ही उंची कुणी बदलायची होती?" वहिनी दात दाबून म्हणाल्या आणि आकडा क्रेनच्या वर, परवानगीच्या आत लावला.

"अगं, हळू बोल," उस्ताद म्हणाले आणि त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला. पट्टा गळ्यात अडकवला. "दोन बटणं शिकलीस म्हणून फार शहाणी होऊ नकोस. जा, टॉवरला फोन लाव."

बिल्डर हसून म्हणाला, "उस्ताद, वहिनींना असिस्टंट केलंत? बरंय, घरचं माणूस." आणि मग वहिनींकडे वळून, "वहिनी, तुम्ही सावलीत बसा ना. आमचे उस्ताद बघतील."

वहिनींनी फोन लावला. पलीकडून टॉवरचा माणूस म्हणाला, "परवानगी क्रमांक?" त्यांनी सांगितला. "पायलट स्वतः बोलताय?" "हो." "उड्डाण तुम्हीच करताय ना?"

वहिनींनी उस्तादांकडे बघितलं. उस्तादांनी मान हलवून खूण केली, हो म्हण. एक शब्द. एवढ्या वर्षांत असे हजार शब्द गिळले होते की बाईने. त्यांनी मोबाइल छातीशी धरला आणि म्हणाल्या, "रिमोट द्या इकडे."

"नंतर बोलू. हो म्हण."

"रिमोट द्या."

"लोकं बघतायत!" उस्ताद पुटपुटले. "इज्जत घालवशील का माझी?"

वहिनींनी मोबाइल कानाला लावला. "साहेब, पायलट तयार नाही. उड्डाण थांबवलंय. तयार झाले की मी परत फोन करते." टॉवरवाला म्हणाला, "ठीक आहे, पाचच्या आत करा." आणि फोन ठेवला.

मग काय, बिल्डर भडकला. "हा काय पोरखेळ आहे? माझी माणसं कामं टाकून बसलीत! उस्ताद, ह्या कोण उड्डाण थांबवणाऱ्या?"

"पायलट," वहिनी म्हणाल्या. ऑफिसातल्या बाईने हातातली परवानगी वाचली आणि म्हणाली, "साहेब, नाव ह्यांचंच आहे."

"अहो, कागदावर नाव हिचं," उस्ताद मोठ्याने हसले. "कागद रंगवायला बायको. बाकी उडवणं, रंग, चित्रीकरण, सगळं आपणच. हिला काय कळतंय त्यातलं!"

बस्स. रंग म्हणाला तो. रंग!

वहिनींना पुढचं काही ठरवावं लागलंच नाही. त्यांनी ड्रोन उचलला. आधी चारही पंखे काढून पर्समध्ये टाकले, कारण रिमोट अजून नवऱ्याच्या गळ्यात होता आणि त्या घडीला त्यांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. मग ड्रोन चालू करून तो दोन्ही हातांत धरला आणि तरातरा चालत प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. पार कुंपणापर्यंत. तिथून वळून ओरडल्या, मैदानावर ओरडायच्या तशा.

"तोंड की पाठ?"

उस्तादांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. "काय चाललंय हिचं..." ते बिल्डरला म्हणाले.

"दिवा बघा आणि सांगा! तोंड की पाठ?"

ड्रोनचा लाल दिवा सरळ त्यांच्याकडे रोखलेला होता. इंजिनियरांना दिसत होता, शेडमधल्या माणसांना दिसत होता. चहाचे पेले खाली ठेवून सगळी मंडळी बाहेर आली होती. उस्ताद डोळे बारीक करून बघत राहिले. "पाठ!" ते ओरडले.

शेडमधून कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनींनी ड्रोन वळवला. आता हिरवा.

"आता?"

"तोंड," उस्ताद म्हणाले. आवाज अर्धा झाला होता.

आता कुणी हसलं नाही. वहिनींनी तिसऱ्यांदा ड्रोन वळवला आणि विचारलं. उस्ताद खाली जमिनीकडे बघत होते. वीस वर्षांची मूठ भर दुपारी, परक्या माणसांसमोर, बायकोने उघडली होती. वहिनींना ते तिथवरून स्पष्ट दिसत होतं. त्यांना वाईट वाटलं का? वाटलं. पण राग त्याहून मोठा होता, आणि तो राग खोटा नव्हता. तुम्हाला दिसत नाही हा तुमचा दोष नाही हो, त्या मनात म्हणत होत्या, पण मला दिसतं हे तुम्ही कधी दिसू दिलं नाहीत, तो तुमचाच.

त्या परत आल्या. उस्तादांनी गळ्यातला पट्टा काढला आणि रिमोट पुढे केला. बघितलं मात्र नाही. वहिनींनी पर्समधून पंखे काढून खुणा जुळवून एकेक बसवले, ओढून पाहिले, पुन्हा बॅटरी बघितली, पुन्हा उंची बघितली. टॉवरला फोन लावला. "पायलट स्वतः बोलतेय. उड्डाण मीच करतेय."

"करा. पाचला उतरा."

ड्रोन वर गेला. क्रेनला चांगला लांब ठेवून त्यांनी टॉवरांभोवती एक सावकाश फेरी मारली. परत येताना तो ठिपक्याएवढा होता, आणि लाल. मध्येच बिल्डर म्हणाला, "जरा त्या रस्त्यावरून घ्या ना, गर्दी छान दिसेल." "लोकांच्या डोक्यावरून नाही," वहिनी म्हणाल्या, आणि फेरी तशीच पुढे चालू ठेवली. त्यांनी पाचच्या आधी ड्रोन उतरवला आणि टॉवरला उतरल्याचं कळवलं.

बिल्डरने पडद्यावर चित्रीकरण बघितलं. खूश झाला, पण माणूस तो बिल्डरच. "अजून फिकट दिसतंय," तो म्हणाला. "उस्ताद, तुम्ही रंग लावलेत की बहार येईल."

सगळे उस्तादांकडे बघू लागले. पाठीवर 'पायलट' लिहिलेलं जॅकेट घालून ते उभे होते. वहिनींनी वाट बघितली. बोला, त्यांना वाटत होतं, एकदा तरी बोला. एक वाक्य. उस्तादांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"रंग मी लावते," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यापासून." आणि ड्रोन पेटीत भरू लागल्या.

परतताना गाडी उस्तादच चालवत होते. जॅकेट त्यांनी मागच्या सीटवर फेकलं होतं. ते म्हणाले, "चारचौघांत नाक कापलंस माझं."

"चारचौघांत 'हिला काय कळतंय' कोण म्हणालं?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते ऐकायला वीस वर्षं बसले होते. आज नको."

मग मोठा चौक आला. मावळतीचं ऊन, समोर सिग्नल, तीनही दिवे उन्हात सारखेच चमकत होते. उस्तादांनी ब्रेक दाबला आणि नेहमीसारखं सरळ पुढे बघत थांबले. शेजारून आवाज यायची वाट बघत. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. मागे एक हॉर्न वाजला. मग दुसरा. कुणीतरी शिवी दिली. वहिनी बोलल्या नाहीत, मेल्या तरी बोलणार नव्हत्या.

उस्तादांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"कुठला आहे गं?" ते म्हणाले. "मला दिसत नाही. सांग ना."

वहिनी वळल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाने विचारलं होतं. राग गेला नव्हता, तो इतक्यात जाणारही नव्हता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

"हिरवा आहे," त्या म्हणाल्या. "आणि उद्या स्टुडिओची पाटी बदलायची आहे. आता चला."